पंचांगाचे छायाचित्र आणि चतुर्थीचा हिशेब

भाद्रपद जवळ आला की घरोघरी पंचांगाच्या किंवा दिनदर्शिकेच्या पानाची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून फिरू लागतात. पूर्वी गुरुजी घरी येऊन तिथी सांगत. त्यांचे स्थान आता या छायाचित्राने घेतले आहे. त्यात वावगे काहीच नाही. परंतु गुरुजी तिथीबरोबर तिचा अर्थही सांगत असत. छायाचित्र केवळ अक्षरे आणि आकडे पोहोचवते. अर्थ मूळ ग्रंथाच्या आरंभीच्या पृष्ठांवरच राहून जातो. संक्षेपांचा खुलासा आणि गणित कोणत्या गावाचे आहे, हे दोन्ही तेथेच छापलेले असते.

उदाहरणादाखल २७ ऑगस्ट २०२५ या दिवसाचे, म्हणजे त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीचे रकाने पाहावेत. पंचांगांच्या नेहमीच्या धाटणीने ती ओळ साधारणपणे अशी होते : ‘भाद्र. शु. ४ बु. १५.४४, चित्रा अहोरात्र, शु. १२.३५, भद्रा १५.४४ प.’ एवढ्या छोट्या ओळीत ‘शु.’ दोनदा आले आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. पहिला ‘शु.’ म्हणजे शुक्ल पक्ष. दुसरा म्हणजे ‘शुभ’ नावाचा योग. वाराच्या रकान्यात हेच अक्षर शुक्रवार दर्शवते. यावर उपाय एकच : अक्षर पाहण्याआधी रकाना पाहावा. वार, तिथी, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे. त्यांवरूनच पंचांग हे नाव पडले. अक्षर कोणत्या अंगाच्या रकान्यात आहे हे कळले की संदिग्धता उरत नाही. ‘अहोरात्र’ म्हणजे त्या दिवशीच्या सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तेच नक्षत्र आहे. शेवटचा ‘प.’ म्हणजे पर्यंत. घटीच्या पुढे आला तर मात्र तोच ‘प.’ पळे दर्शवतो.

आता आकडे. चतुर्थीपुढील १५.४४ ही तिथीच्या समाप्तीची वेळ आहे, प्रारंभाची नव्हे. दुपारी पावणेचारला चतुर्थी लागते असे समजून पूजा सायंकाळवर ढकलणारा गृहस्थ प्रत्यक्षात पंचमीला पूजा करतो. प्रारंभ हवा असेल तर आदल्या दिवसाचा रकाना पाहावा लागतो : २६ ऑगस्टला तृतीया १३.५४ पर्यंत होती, म्हणून चतुर्थी त्याच क्षणी लागली. एकाच दिवसाचा चौकोन कापून पाठवलेल्या छायाचित्रात नेमका हाच दुवा तुटतो.

जुन्या पंचांगांत हीच समाप्ती घटी-पळांत दिलेली असते. घटी म्हणजे चोवीस मिनिटे, पळ म्हणजे चोवीस सेकंद, आणि मोजणी स्थानिक सूर्योदयापासून. पुण्यात त्या दिवशी सूर्योदय सुमारे ६.२० ला झाला. तेथून १५.४४ पर्यंत ९ तास २४ मिनिटे, म्हणजेच ५६४ मिनिटे होतात. त्यांना चोवीसने भागले की २३ घटी ३० पळे येतात. नागपुरात सूर्य सुमारे चोवीस मिनिटे आधी उगवतो, म्हणून तेथे हाच क्षण २४ घटी ३० पळांचा होतो. घड्याळातील वेळ दोन्हीकडे एकच. घटी मात्र वेगळ्या. तेव्हा घटींचा आकडा पाठवताना गावाचे नाव गाळणे म्हणजे अर्धाच आकडा पाठवणे होय.

मग चतुर्थी २६ ला लागूनही गणपती २७ ला का बसले? याचे उत्तर त्या चौकोनात नसते. ते व्रताच्या नियमात असते. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, हा व्यवहाराचा सर्वसाधारण नियम. पण प्रत्येक सणाला तो लागू नाही. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ, संकष्टीला चंद्रोदय, तर गणेश चतुर्थीला मध्याह्न पाहिला जातो. दिवसाचे पाच समान भाग केले की तिसरा भाग मध्याह्न होय. पुण्यात तो साधारण ११.२० ते १३.५० असा होता. २६ ला तो सरला तेव्हा तृतीयाच चालू होती. २७ ला तो संपूर्ण चतुर्थीत आला. निर्णय स्पष्ट झाला.

याच ओळीतील ‘भद्रा’ हा शब्द अनेक घरांत अकारण धास्ती उत्पन्न करतो. भद्रा म्हणजे विष्टि नावाचे करण, आणि करण म्हणजे अर्धी तिथी. शुक्ल चतुर्थीचा उत्तरार्ध हा नेहमीच विष्टि करणाचा असतो. म्हणजे हे २०२५ चे काही विशेष संकट नव्हते. गणेश चतुर्थीच्या उत्तरार्धात भद्रा दरवर्षी येते. ती प्रतिष्ठापनेला वर्ज्य मानली असती तर त्या वर्षी सबंध मध्याह्नच बाद झाला असता. रक्षाबंधनाला आणि होळीला भद्रा टाळण्यास सांगितले आहे. तो नियम तेथून उचलून येथे लावणे हे शास्त्र नव्हे, शास्त्राचा गोंधळ आहे.

याहून मोठी चूक छायाचित्र समुद्रापार गेल्यावर होते. चंद्र सूर्यापासून प्रत्येक बारा अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. हा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, घड्याळे मात्र निरनिराळी. अमेरिकेतील न्यू जर्सीचे घड्याळ त्या दिवसांत भारताच्या साडेनऊ तास मागे होते. त्यामुळे चतुर्थी तेथे २६ ऑगस्टच्या पहाटे ४.२४ ला लागली आणि २७ च्या पहाटे ६.१४ ला, सूर्य उगवण्याच्या सुमारास, संपलीही. तेथील मध्याह्न चतुर्थीत आला तो २६ तारखेला, मंगळवारी. पुण्याहून आलेले छायाचित्र पाहून २७ ला दुपारी मूर्ती बसवणाऱ्या तेथील कुटुंबाने श्रद्धेने, परंतु पंचमीला पूजा केली. सुटीच्या सोयीने सार्वजनिक उत्सव शनिवार-रविवारी करणे हा समाजाचा निर्णय असू शकतो. घरच्या व्रताची तिथी मात्र त्या गावच्या सूर्योदयावरूनच ठरवली पाहिजे.

म्हणून केवळ छायाचित्र पुढे धाडण्याची सवय सोडावी आणि त्याखाली चार सोपी वाक्ये लिहावीत. पंचांगकर्त्यांनीही सणाच्या चौकोनात तशी सोय करावी. जागा थोडी लागेल, पण भ्रम पुष्कळ टळेल. २०२५ च्या चतुर्थीसाठी ती वाक्ये अशी झाली असती : ‘चतुर्थी मंगळवारी दुपारी १.५४ ते बुधवारी दुपारी ३.४४, भारतीय वेळेनुसार. पूजेला मध्याह्नीची चतुर्थी घ्यावयाची, म्हणून पुण्यात बुधवारी. मध्याह्न सुमारे ११.२० ते १.५०. अन्य देशांत असणाऱ्यांनी आपल्या गावचे गणित पाहावे.’ एवढे लिहिले असते तर न्यू जर्सीतील कुटुंबालाही आपला दिवस मंगळवार आहे हे आदल्या आठवड्यातच उमगले असते.