झोंप आणि मुखकांति

"लवकर नीज, म्हणजे तोंडावर तेज येईल," हें वाक्य आपल्या बहुतेक घरांतून ऐकूं येतें. रात्रीं लावावयाच्या लेपांच्या डब्यांवरही झोंपेचें आणि सौंदर्याचें नातें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. या समजुतींत तथ्य किती, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं पारखून पाहावें, असें आम्हांस वाटतें. वसई-विरारच्या कित्येक घरांतील माणसें मुंबईची गाडी गांठण्यासाठीं पहांटेच्या अंधारांत उठतात. घरांत दिवा लागला कीं मुलांचीही झोंप मोडते. म्हणून हा प्रश्न आपल्या दारचाच आहे.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनीं २०१० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं २३ माणसांचीं छायाचित्रें दोन वेळां घेतलीं. एकदां आठ तास झोंप झाल्यावर, व एकदां अपुऱ्या झोंपेनंतर सलग ३१ तास जागविल्यावर. तीं पाहणाऱ्या ६५ जणांस कोण निजलेला व कोण जागलेला, हें सांगितलें नव्हतें. शंभरांपैकीं गुण देतां निरोगी दिसण्याचे गुण ६८ वरून ६३ वर आले, थकलेले दिसण्याचे ४४ वरून ५३ वर चढले. पण आकर्षकपणाचे केवळ ४० वरून ३८ वर उतरले. म्हणजे जागरणानें माणूस थकलेला दिसतो खरा, परंतु रूप जातें असें म्हणण्याइतका फरक पडत नाहीं.

थकवा मुख्यतः डोळ्यांवरून ओळखूं येतो. वरची पापणी एका लहान स्नायूनें उचलून धरलेली असते. झोंप अनावर झाली कीं तो सैल पडतो व पापणी खालीं येते. डोळे फार वेळ उघडे राहिल्यानें अश्रूंचा पातळ थर सुकतो, आणि बुबुळाभोंवतालच्या रक्तवाहिन्या फुगून डोळे लाल दिसतात. हे बदल एकदोन रात्रींच्या पुरेशा झोंपेनें बहुधा निवळतात.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांची गोष्ट मात्र निराळी आहे. जागरणानें तीं अधिक गडद दिसतात हें खरें; परंतु पुष्कळांत तीं आईबापांकडून आलेलीं असतात, किंवा खाज सुटून डोळे चोळल्यानें पडतात. उजेडाकडे तोंड वर केल्यावर काळेपणा नाहींसा झाला, तर ती खळग्याची सावली समजावी. तसाच राहिला, तर तो त्वचेचाच रंग असण्याचा संभव अधिक. या दोहोंवर झोंप हा उपाय नव्हे. खालची पापणी ओढून पाहतां आंतील बाजू फिकट दिसली, तर वैद्याकडून रक्ताची तपासणी करवावी. तसेंच, झोंपेनें वर्ण उजळतो हें कन्येच्या मनांत भरविणें खोटें आहे, आणि आमच्या मतें तिच्यावर अन्यायही आहे.

वाईट झोंपेनें त्वचा लवकर म्हातारी होते, असेंही सांगतात. त्याला २०१५ सालच्या एका अभ्यासाचा आधार देतात. तो साठ स्त्रियांवर झाला होता, आणि त्याचा खर्च सौंदर्यप्रसाधनें विकणाऱ्या कंपनीनें केला होता. नीट झोंपणाऱ्या स्त्रियांची त्वचा चांगली आढळली. परंतु ती झोंपेमुळेंच चांगली होती, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

आतां आमचा खरा मुद्दा. एखादा विद्यार्थी रात्रीं साडेअकराला निजतो व साडेचारला उठतो, असें धरूं. त्याला पांच तास मिळाले. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास लागतात. रोजची तूट निदान तीन तासांची. सहा दिवसांत ती अठरा तासांवर जाते. रविवारीं दोन तास अधिक झोंपून ती कशी फिटणार? तरीही थंड पाण्यानें तोंड धुतल्यावर तो आरशांत ठीक दिसतो. अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत प्रौढांस चौदा रात्रीं सहा किंवा त्याहून कमी तासच निजूं दिलें. त्यांचें अवधान दिवसेंदिवस ढळत गेलें. पण आपणांस फारशी झोंप येत नाहीं, असेंच त्यांस वाटत राहिलें. जेथें स्वतःच्या मनाचीच साक्ष चुकते, तेथें आरशाची काय पत्रास?

म्हणून पालकांनीं मुलाच्या कांतीवरून झोंपेचा हिशेब करूं नये. तो हांक मारल्यावांचून उठतो काय, वर्गांत डुलक्या घेतो काय, आणि सुटीच्या दिवशीं दोन तासांहून अधिक उशिरा जागा होतो काय, या तीन गोष्टी पाहाव्या. आम्ही शिक्षकांनींही जड पापण्यांच्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वीं, तो रात्रीं किती वाजतां निजला, हें विचारावें. तेजाच्या लोभानें मूल निजलें तरी आमची हरकत नाहीं. परंतु लेपाच्या डबीसाठीं काढून ठेवलेले पैसे पालकांनीं खुशाल राखावे, आणि घरांतील दिवा तासभर आधीं मालवावा.