पिळदार देह, शून्य शुक्राणू

विवाहास दोन वर्षे झालेल्या एका तरुण व्यापाऱ्याच्या वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य निघाले. सूनबाईंच्या सर्व तपासण्या मात्र आधीच उरकल्या होत्या! त्याच्या रक्तात एलएच व एफएसएच ही संप्रेरके जवळजवळ नव्हती. तेथेच उलगडा झाला. व्यायामशाळेत तो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेत होता. रक्तात ते मुबलक दिसताच पीयूषिका ग्रंथी वृषणांना आज्ञा देणे थांबवते. वृषणांतील स्वतःचे टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्राणुनिर्मिती बंद पडते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शने थांबवल्यास ती बहुधा परतते. परंतु एक शुक्राणू घडण्यासच सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. काहींची ती पूर्ववत होतही नाही. मध्यंतरी थकवा येतो म्हणून पुन्हा तेच इंजेक्शन घेणे, ही नेहमीची चूक.