पाणी दुधात की आकड्यात?

इथे विस्कॉन्सिनमध्ये भारतीय लोकांची जेवणं असली की कोणीतरी हमखास ऐकवतं, "अमेरिकेतला शेतकरी बघा, आपल्यासारखा दुधात पाणी नाही घालत!" मी पूर्वी गप्प बसायचो. आता नाही बसत. कारण पाणी घातलं हे आपल्याकडे ठरवतो एक आकडा, आणि तो आकडा कसा निघतो हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं.

आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बोलला जातो. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. ८.५ च्या खाली गेलं की प्रत्येक पॉइंटला कपात. पण एसएनएफ लॅक्टोमीटरवर काढतात तेव्हा ते कोणी मोजत नाही, हिशोबाने काढतात: लॅक्टोमीटरच्या आकड्याचा चौथा भाग, अधिक फॅटचा चौथा भाग, अधिक ०.४४. आणि हे गणित २७ अंश सेल्सियसच्या दुधासाठी आहे.

आता संध्याकाळची धार काढून तासाभरात केंद्रावर आलेली किटली घ्या. दूध ३२ अंशांवर आहे. फॅट ३.८ आलं, लॅक्टोमीटर २८ दाखवतो. तसंच गणित केलं तर ७ + ०.९५ + ०.४४, म्हणजे ८.३९. झाली कपात! पण कोमट दूध हलकं असतं, म्हणून लॅक्टोमीटर जास्त बुडतो. २७ च्या वर दर अंशाला साधारण ०.२ मिळवायचे असतात. पाच अंशांचा १ मिळवला की २९, आणि एसएनएफ ८.६४. दूध तेच, गाय तीच. बदल एवढाच की थर्मामीटर वापरला.

शिवाय ताज्या धारेच्या दुधात हवा असते आणि फॅट अजून पुरतं घट्ट झालेलं नसतं, त्यामुळे घनता पुढचे काही तास हळूहळू वाढत जाते. याला रेकनागेल परिणाम म्हणतात. यात आणखी अर्धा-एक अंश जाऊ शकतो. म्हणूनच प्रयोगशाळेत नमुना ४० अंशांपर्यंत तापवून, थोडा वेळ ठेवून, मग गार करून मोजतात. केंद्रावर रांग लागलेली असताना हे कोण करणार? आणि गंमत पहा, दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात. शेतकऱ्याच्या.

"अहो, आता मशीन आलंय की!" असं कोणी म्हणेल. आलंय. बऱ्याच केंद्रांवरचं मशीन दुधातून ध्वनिलहरी पाठवून अंदाज करतं. पण तो अंदाज जुळवायचा कशाशी? गर्बर आणि लॅक्टोमीटरच्या आकड्यांशीच! तिथे चूक असेल तर ती कॅलिब्रेशनमध्ये बसते आणि रोज, प्रत्येक किटलीला, छापील पावतीवर निघते. दुधात हवेचे बुडबुडे असले की मशीनही घोटाळतं. आणि कॅलिब्रेशनचे आकडे चार बटणं दाबून बदलता येतात, ते वेगळंच.

मग खरोखर पाणी आहे का, हे कसं ओळखायचं? पाणी घातलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही त्याच प्रमाणात उतरतात. वरच्या दुधात दहा टक्के पाणी घातलं तर एसएनएफ ७.८ वर येईल, पण फॅटही ३.४ वर यायला हवं. एसएनएफ एकटंच घसरलं आणि फॅट जागेवर असेल, तर आधी तापमान पहा, मग गाईचा चारा आणि कासदाह पहा. मात्र ८.६४ आणि ८.३९ एवढ्या फरकाला पाण्याचा हिशोब तीन टक्क्यांचा लागतो आणि फॅट जेमतेम एका पॉइंटने हलतं. एका दिवसाच्या पावतीवरून चोर ठरवताच येत नाही. तरी ठरवतात! आमच्या गावाकडच्या एका केंद्रावर माझ्या काकांना चारचौघांत "पाणी कमी घाला" म्हणून सुनावलं होतं. काका त्यानंतर केंद्रावर स्वतः गेले नाहीत, मुलाला पाठवू लागले.

आणि अमेरिकेचं म्हणाल, तर इथले शेतकरी काही देवदूत नव्हते. १८९० पर्यंत इथेही पैसे वजनावर मिळत, त्यामुळे पाणी घालणारा आणि साय काढणारा फायद्यात, सरळ माणूस तोट्यात. त्या वर्षी मॅडिसनच्या विद्यापीठात स्टीफन बॅबकॉकने फॅटची चाचणी शोधली, पेटंट न घेता सगळ्यांना दिली. गंधकाम्लाने बाकीचं विरघळवायचं, बाटली फिरवायची, फॅटचा स्तंभ गरम असतानाच वाचायचा. तरी इथली खरी गोष्ट चाचणीची नाहीच. टँकर घेऊन येणाऱ्या माणसाला नमुना घ्यायचा राज्याचा परवाना लागतो. टाकी किमान पाच मिनिटं ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. १९३७ च्या कायद्याखाली चालणाऱ्या संघीय दूध व्यवस्थेत वजन आणि चाचणी पडताळायला खरेदीदाराबाहेरचा अधिकारी असतो.

आपल्याकडे नमुना घेणारा, मोजणारा, दर लावणारा आणि चोर ठरवणारा बहुतेक वेळा एकाच टेबलामागे बसलेला असतो. पुढच्या वेळी पाण्याचा विषय काढणाऱ्याला मी एकच विचारणार आहे: दूध किती अंशांवर होतं? गावी चुलतभावाला मी मागच्या सुट्टीत साधा थर्मामीटर देऊन आलोय. किटली टेबलावर ठेवायच्या आधी तो आता तापमान वहीत लिहितो आणि मोजणाऱ्याला वाचून दाखवतो.