आधी आखाडा पाहा, मग वाक्य लिहा

सातवीच्या मुलाने 'खालील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' असा कागद घरी आणला की बहुतेक घरांत गाईड उघडते. दहा अर्थ, दहा वाक्ये, अर्ध्या तासात काम संपते. मग माझ्यासमोर वह्यांचा गठ्ठा येतो आणि अर्ध्या वर्गाचे एकच वाक्य निघते. कोल्हापूरच्या पालकांना माझी विनंती आहे की या आठवड्यात गाईड बाजूला ठेवा आणि मुलाला एखाद्या तालमीत घेऊन जा. गंगावेश असो, मोतीबाग असो, नाही तर तुमच्या पेठेतली असो. खासबागेत कुस्त्यांचे मैदान भरणार असेल तर फारच चांगले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली उभ्या राहिलेल्या त्या मैदानात सातवीच्या कागदावरचे निम्मे वाक्प्रचार डोळ्यांसमोर घडताना दिसतात.

'अस्मान दाखवणे' हाच वाक्प्रचार घ्या. मुले अर्थ लिहितात, 'आकाश दाखवणे' किंवा नुसतेच 'पराभव'. पहिला अर्थ शब्दशः झाला. दुसरा जवळचा आहे, पण अपुरा. वाक्प्रचाराच्या शेवटी 'दाखवणे' हे क्रियापद आहे, म्हणून अर्थही क्रियापदातच यायला हवा, 'पूर्ण पराभव करणे' असा. हा अर्थ आला कुठून, ते हौद्यात कळते. मातीतल्या कुस्तीत एक पैलवान दुसऱ्याचे दोन्ही खांदे लाल मातीला टेकवतो तेव्हा खालच्याची छाती वर असते आणि त्याच्या डोळ्यांना फक्त आभाळ दिसते. हेच अस्मान दाखवणे आणि हीच चितपट कुस्ती. हे एकदा पाहिलेल्या मुलाला अर्थ पाठ करावा लागत नाही. किरकोळ हरण्याला हा वाक्प्रचार शोभत नाही, हेही त्याला आपोआप कळते.

आता वाक्य. बहुतेक मुले इथे घसरतात, कारण प्रत्येक वाक्प्रचाराला आपापली जोडणी असते आणि ती गाईडमध्ये वेगळी लिहिलेली नसते. अस्मान कोणी दाखवले आणि कोणाला दाखवले, हे दोन प्रश्न मुलाला विचारा. 'कोणी'ला 'ने' लागेल, 'कोणाला'ला 'ला' लागेल. माझ्या वर्गातल्या एका मुलाने आधी लिहिले होते, 'राहुलने महेशला अस्मान दाखवले.' व्याकरण बरोबर आहे, पण वाक्य रिकामे आहे. मी त्याला म्हटले, "बाळा, अस्मान दाखवलेच्या जागी 'बोलावले' घाल बघू." वाक्य तसेच उभे राहिले. याचा अर्थ त्या वाक्यात वाक्प्रचाराचा अर्थ उतरलाच नव्हता. तो फुटबॉलचा वेडा, म्हणून त्याला शाहू स्टेडियमवरचा एखादा सामना आठवायला सांगितले. त्याचे दुसरे वाक्य असे आले: 'शाहू स्टेडियमवर शेवटच्या दहा मिनिटांत तीन गोल करून आमच्या पेठेच्या संघाने गतविजेत्यांना अस्मान दाखवले.' आता तिथे 'बोलावले' घालून पाहा, वाक्य मोडते. गोल, दहा मिनिटे आणि गतविजेते हे तिन्ही मिळून अर्थ सांगतात. घरी तपासायला ही एक कसोटी पुरते. तिला ना व्याकरणाचे पुस्तक लागते, ना शिकवणी.

जोडणीची चूक दुसऱ्या एका वाक्प्रचारात अगदी ठळक दिसते. 'सोहमने अभ्यासाला कानाडोळा केला' असे वाक्य मला दरवर्षी भेटते. मुलाला 'दुर्लक्ष करणे' हा अर्थ ठाऊक असतो, पण दुर्लक्ष जसे कशाकडे तरी होते तसा कानाडोळाही कशाकडे तरीच होतो, हे त्याच्या लक्षात आलेले नसते. 'अभ्यासाकडे कानाडोळा केला' हे बरोबर. मात्र अर्थाची जोडणी आणि वाक्प्रचाराची जोडणी नेहमी सारखी असेलच असे नाही. गतविजेत्यांना अस्मान दाखवतात, पण पराभव करायचा तर गतविजेत्यांचा करतात. म्हणून अर्थातला प्रत्यय उचलून वाक्प्रचाराला चिकटवू नये. वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाचा कान चूक बरोबर पकडतो.

तालमीतून परत येताना मुलाला आणखी एक जोडी दाखवा. पैलवान कुस्तीला उभा राहताना स्वतःच्या दंडावर थाप मारतो, त्यावरून 'दंड थोपटणे' म्हणजे लढायला तयार होणे, आव्हान देणे. कुस्ती जिंकून तो वस्तादांच्या पाया पडतो तेव्हा वस्ताद त्याची पाठ थोपटतात, म्हणून 'पाठ थोपटणे' म्हणजे शाबासकी देणे. क्रियापद एकच आहे. दंड आपला असतो, पाठ दुसऱ्याची असते. आपलीच पाठ आपण थोपटून घेतली तर अर्थ लगेच बदलतो आणि ती आत्मस्तुती होते. 'बंधाऱ्याच्या कामातल्या गैरव्यवहाराविरुद्ध गावातल्या महिलांनी दंड थोपटले' आणि 'पहिल्यांदा न अडखळता भाषण केले म्हणून आजोबांनी माझी पाठ थोपटली' ही दोन वाक्ये शेजारी लिहायला लावा. दंड थोपटले, पाठ थोपटली. क्रियापदाचे रूप दंडामागे आणि पाठीमागे जाते, करणाऱ्यामागे नाही. महिला होत्या म्हणून 'थोपटल्या' लिहिणारी मुले खूप असतात.

म्हणींची गोष्ट वेगळी. वाक्प्रचार वाक्यात विरघळतो, काळाप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे बदलतो. म्हण हे स्वतःच पूर्ण वाक्य असते, तिला बदलायचे नसते. म्हणून म्हणीसाठी एका वाक्याचा हट्ट धरू नका. आधी दोन ओळींत प्रसंग सांगावा आणि मग ती कोणाच्या तरी तोंडी घालावी.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला उसाच्या म्हणीपासून सुरुवात करू द्या: 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.' कोणाच्या चांगुलपणाचा प्रमाणाबाहेर फायदा घेऊ नये, असा तिचा अर्थ पुस्तकात मिळतो. पण फडात उभे राहिले की तो अर्थ अधिक खोल जातो. उसाचा शेंडा पाणचट असतो. बुडख्याकडे जावे तशी गोडी वाढते, म्हणून खाणाऱ्याचा हात खालीखालीच जातो. आणि तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या त्याच मुळांतून पुढच्या वर्षी खोडवा फुटतो. मूळ खाल्ले तर खोडवा गेला. देणाऱ्याला पुन्हा देता येईल एवढे मागे ठेवावे, हा म्हणीचा गाभा शेतकऱ्याच्या घरातले मूल आजीकडून पाच मिनिटांत समजून घेते. ज्यांचे शेत नाही त्यांनी गुऱ्हाळाच्या हंगामात एखाद्या फडाच्या बांधावर थांबून तोडकऱ्यांना विचारावे.

अर्थाबद्दल घरात वाद झाला तर दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' बघा. 1850 पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात त्याची चौकशी करता येईल.

शिक्षक मित्रांनाही एक मागणे आहे. एका कागदावर दहा वाक्प्रचार देऊ नका. तीन द्या आणि एक म्हण द्या. प्रत्येकाखाली चार ओळी मोकळ्या सोडा, म्हणजे अर्थ, कोणी-कोणाला-कशाकडे ही जोडणी आणि स्वतःचा प्रसंग यांना जागा मिळेल. माझ्या वर्गात असा कागद दिल्यावर एका मुलीने उसाच्या म्हणीखाली लिहिले होते: 'शेजारच्या काकू मला क्लासला जायला त्यांची सायकल देतात. या आठवड्यात मी ती चार दिवस न विचारता नेली. आई म्हणाली, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. मी संध्याकाळी सायकल पुसून, हवा भरून परत दिली.'