किती देते?

आमच्या ओंकारला, म्हणजे भाच्याला, नोकरी लागली आणि घरादाराला गाडीचं वेड लागलं. मुलगा धायरीहून ऑफिसला जाणार, येऊन-जाऊन तीस किलोमीटर. त्याने जन्मात गिअरची गाडी चालवलेली नाही आणि जवळ आहेत रोख एक लाख. एवढ्या भांडवलावर या आठवड्यात माझ्या घरी जेवढ्या सल्लागारांनी चहा प्यायला, तेवढे लग्नाच्या बैठकीलाही जमत नाहीत. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘किती देते?’

आधी बाजारभाव उरकून टाकतो. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे स्प्लेंडरसारखी १०० सीसीची गाडी शोरूम भावाने पाऊण लाखाच्या आसपास बसते, तर शाइन किंवा रेडर अशी १२५ ची त्याहून काही हजारांनी जास्त. त्यावर आरटीओचा एकरकमी कर आणि विमा येतो. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. लाखाची खरेदी म्हणजे याच दोन पायऱ्यांवरची खरेदी. संपला अभ्यास.

आता ‘किती देते’कडे येऊ. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ओंकारचे साडेसातशे किलोमीटर होतात. साठ देणारीला त्यासाठी साडेबारा लिटर लागतं, पन्नास देणारीला पंधरा. फरक अडीच लिटरचा, म्हणजे पुण्याच्या भावाने महिन्याला अडीचशेच्या थोडं वर. तेवढे पैसे हा मुलगा एका शनिवारी मोमोजवर घालवतो. केवळ हा फरक वाचवायला कोणी दहा हजार जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला तीन वर्षांहून जास्त लागतील. हे मी पाटीवर मांडून दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “ते ठीक आहे, पण देते किती?”

ओंकारच्या डोक्यात अर्थातच १६० होती. ती लाखात बसत नाही, तर हप्ते पाडायचे असा त्याचा हिशेब. त्याला घेऊन एका शोरूमला गेलो आणि विक्रेत्या मुलाला म्हटलं, आधी बसू दे त्याला. सीटची उंची कागदावर पाहून काही कळत नाही. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर आणि पल्सर १५० चीही तेवढीच. पण पल्सरची सीट मांडीखाली रुंद आहे, त्यामुळे साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाचे टाचेसकट पाय टेकतीलच असं नाही. शिवाय स्प्लेंडर ११२ किलोची आणि पल्सर दीडशेच्या घरात. हा जवळजवळ चाळीस किलोंचा फरक पळताना जाणवत नाही. जाणवतो तो सिग्नलला गाडी एका बाजूला कलली की, नाहीतर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतारावरून बसल्या बसल्या मागे घ्यायची वेळ आली की. तेवढंच करून बघ म्हटलं, तर ओंकारच्या कपाळावर घाम आला आणि १६० चा विषय परस्पर मागे पडला.

टेस्ट राइडचंही तसंच. शोरूमवाले मागच्या मोकळ्या रस्त्यावर पाठवतात. तिथे पोरं चौथ्या गिअरमध्ये जाऊन येतात आणि म्हणतात, मामा, पिकअप भारी आहे! अरे, तुला सिंहगड रोडवर संध्याकाळी सहा वाजता पिकअप कुठे वापरायला मिळणार? तिथे चालायचं असतं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. म्हणून मी त्याला उलटं काम दिलं. पहिला गिअर टाक, अॅक्सिलरेटर अजिबात न देता क्लच हळूहळू पूर्ण सोड आणि गाडी स्वतःहून किती शांत रांगते ते बघ. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्या छान रांगतात. जी धक्के देते किंवा बंद पडते, तिच्यावर नवशिका क्लच अर्धा दाबूनच बसणार. अर्धा दाबलेला क्लच म्हणजे घासणाऱ्या प्लेटा. मग काही महिन्यांनी इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे जात नाही, चढावर जळका वास येतो आणि मालक म्हणतो गाडीच खराब निघाली. क्लच केबल ताणून बसवलेली असली तरी हेच होतं. लिव्हरच्या टोकाला जवळजवळ बोटभर ढिलाई हवी. डिलिव्हरी घेताना एवढं हाताने दाबून बघायचं.

ब्रेकवरून मात्र घरात भांडण झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला किमान सीबीएस आणि त्यावरच्याला एबीएस सक्तीचं आहे. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. पावसात एबीएसचा फायदा मोठा आहे आणि ओंकारच्या १६० च्या बाजूने तेवढा एकच मुद्दा खरा होता. पण काकांनी दोन्हीवर पाणी ओतलं. म्हणाले, “पुढचा ब्रेक मारूच नकोस, तोंडावर पडशील.”

हा सल्ला या शहरात पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आणि माझं डोकं फिरतं. ब्रेक लावला की भार पुढे येतो, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे नुसता मागचा दाबला की ते चाक घसरत जातं आणि गाडी लवकर थांबत नाही. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. पडतात ते लोक वळणावर, वाळूवर किंवा पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या गुळगुळीत रंगावर तो कचकन ओढणारे. गाडी सरळ असताना दोन बोटांनी आधी हलका आणि मग वाढवत दाबायचा, हे रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात शिकता येतं. काका स्वतः चाळीस वर्षं मागच्या ब्रेकवर जगले आहेत आणि दर दोन वर्षांनी कुणाच्या तरी डिकीवर जाऊन थांबले आहेत.

म्हणून ठरलं ते असं: १२५ सीसी, पुढे डिस्क, अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर. १०० सीसीचीही चालली असती, पण बहिणीला मागे बसवून कात्रजचा चढ चढायचा असतो. ट्यूबलेस अशासाठी की पंक्चर झालं तर चाक न काढता बाहेरूनच निघतं. ट्यूबवालीत हवा भसकन जाते आणि मग नवशिका भर रस्त्यात गाडी ढकलत बसणार.

शोरूमने दिलेल्या कोटेशनमध्ये क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग आणि ‘हँडलिंग चार्जेस’ असे मिळून साडेसहा हजार लावले होते. हँडलिंगची सरकारी पावती मागितल्यावर विक्रेता मुलगा आत साहेबांना विचारायला गेला आणि ती ओळ गायब झाली. टेफ्लॉन मी स्वतः खोडलं. साडी गार्ड, मागच्याला धरायची कडी आणि आयएसआय हेल्मेट या गोष्टी नियमानेच गाडीबरोबर द्यायच्या असतात, तेव्हा त्यांचे वेगळे पैसे कुणी लावले तर देऊ नका. विमाही बाहेरून काढता येतो, तिथेच घ्या असं कुणी सांगितलं तर लेखी मागा.