उद्योगातून शिक्षण : देहू-चाकण पट्ट्यातला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची जी योजना पुढे ठेवली, तिचा कणा असा होता की मुलाचे सारे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफले जावे. हीच पुढे ‘नई तालीम’ किंवा ‘मूलोद्योग शिक्षण’ या नावांनी ओळखली गेली. उद्योग हे शिक्षणाचे माध्यम, असे म्हणताना ‘माध्यम’ या शब्दाचा अर्थ नेमका घ्यावा लागतो. उद्योग हा भाषा, गणित यांच्या शेजारी बसवलेला आणखी एक विषय नसून ते विषय ज्याच्या गरजेतून उगवतात ती जमीन आहे, असे योजनेचे म्हणणे होते. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला दिली, आणि याच आकड्याकडे बोट दाखवून योजनेवर तेव्हापासून आजवर आक्षेप घेतले गेले. त्यांतले तीन आक्षेप गंभीर आहेत आणि देहू, तळवडे, चिखली, चाकण या कारखान्यांनी वेढलेल्या पट्ट्यात ते अधिकच जोराने मांडले जातात.

पहिला आक्षेप असा की ही शिक्षणाच्या नावाखालची बालमजुरी आहे. वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी, शाळेत तयार झालेला माल बाजारात आला तर तो कारागिरांच्या पोटावर येईल, अशी शंका घेतली होती. या आक्षेपाचा एक भाग मान्यच केला पाहिजे, कारण मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचा पगार निघावा ही गांधीजींची अपेक्षा व्यवहारात उतरली नाही आणि उतरली असती तरी ती घातक ठरली असती. खुद्द झाकिर हुसेन समितीने आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक उद्देशाचा बळी जाण्याचा धोका आपल्या अहवालात नोंदवला आहे. परंतु स्वावलंबनाचा हट्ट सोडला म्हणून माध्यमाचे तत्त्व पडत नाही. मजुरी आणि शिक्षण यांतला फरक येथेच आहे: कारखान्यात बिघडलेला जॉब भंगारात जातो आणि काम पुढे सरकते. शाळेत तोच बिघडलेला जॉब धड्याचा मजकूर ठरतो.

दुसरा आक्षेप जातिव्यवस्थेचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. ज्या समाजाने सुताराच्या मुलाला सुतार आणि चर्मकाराच्या मुलाला चर्मकारच ठेवले, त्या समाजात हस्तोद्योगाचे गुणगान संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी मुलांना अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालण्याची योजना आणली. लोकांनी तिला ‘कुलशिक्षण’ म्हणून नाकारले आणि 1954 मध्ये ती मागे घेतली गेली. तो नकार योग्यच होता. मात्र त्या योजनेत मूल बापाच्या धंद्याकडे परत पाठवले जात होते, तर मूलोद्योग शाळेत ब्राह्मणाच्या आणि मातंगाच्या मुलाने एकाच बाकावर एकच उद्योग, त्यामागील शास्त्रासह, शिकायचा असतो. हा उद्योग केवळ जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी आणि पुस्तक इंग्रजी माध्यमाच्या शाळांसाठी, अशी विभागणी झाली तर आक्षेप पुन्हा खरा ठरेल; म्हणून तो सर्व शाळांत असणे ही या तत्त्वाची अटच आहे.

तिसरा आक्षेप या औद्योगिक पट्ट्यातून येतो. सीएनसी यंत्रांच्या युगात हाताने काम शिकवणे कालबाह्य आहे, आणि कौशल्य हवेच असेल तर ते देण्यास आयटीआय व कारखान्यांतील ट्रेनी योजना समर्थ आहेत, असे म्हटले जाते. यात प्रशिक्षण आणि शिक्षण यांची गल्लत आहे. ऑपरेटर यंत्रात जॉब लावतो, बटण दाबतो, गेजने माप पाहतो. माप चुकले तर सेटरला बोलावतो. माप का चुकले हे सांगता येणे ही त्याच्या नोकरीची अट नसते, म्हणून वर्षानुवर्षे काम करूनही अनेकजण ऑपरेटरच राहतात. माध्यम म्हणून घेतलेले काम त्या ‘का’पासूनच सुरू होते.

हे कसे, ते एका साध्या जॉबवरून पाहता येते. आठवीच्या वर्गाला शाळेच्या पाण्याच्या पिंपासाठी लोखंडी स्टँड करायचा आहे असे समजू. 25 × 25 × 3 मि.मी. मापाचा अँगल घ्यायचा, 600 मि.मी.चे चार पाय आणि 400 मि.मी.च्या आठ पट्ट्या मिळून 5.6 मीटर लागतात, आणि बाजारातील बार 6 मीटरचा असतो. मुले 400 मि.मी. तुकडा उरेल असे लिहितात. पण कटिंग व्हील प्रत्येक कापात सुमारे 3 मि.मी. धातू खाते, त्यामुळे बारा कापांनंतर उरतो सुमारे 364. पुढे वजनाचा अंदाज. अँगलच्या छेदाचे क्षेत्रफळ काढताना बहुतेक मुले दोन्ही पाखांची 25 अधिक 25 अशी बेरीज करून 50 ला 3 ने गुणतात आणि 150 चौ. मि.मी. मांडतात. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम धरली तर एक मीटर अँगल 1178 ग्रॅम भरायला हवा. काटा मात्र 1100 च्या आसपास दाखवतो. काटा खोटा नाही. कोपऱ्याचा चौकोन दोनदा मोजला गेला. 47 ला 3 ने गुणले की 141 येते आणि वजन 1107 ग्रॅम होते. वहीत हीच चूक शिक्षकाने लाल शाईने दाखवली असती. येथे ती काट्याने दाखवली आणि मुलाला ती स्वतः शोधावी लागली.

पुढे चौकट जुळवायची. गुण्या लावून एकेक कोपरा काटकोनात बसवला तरी चौकट तिरकी निघू शकते, म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. 400 च्या चौरसाचा कर्ण 566 मि.मी. येतो, पायथागोरसचा सिद्धांत येथे परीक्षेसाठी नव्हे, स्टँड डुगडुगू नये म्हणून लागतो. वेल्डिंग प्रशिक्षकच करतो, मापणे व तपासणे मुलांकडे. आधी फक्त टॅक मारून कर्ण पुन्हा पाहायचे, मग समोरासमोरचे सांधे आळीपाळीने भरायचे. कारण वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि अँगलला आपल्याकडे ओढतो. एका बाजूचे सांधे सलग भरले तर काही मिनिटांत कर्णांत फरक पडतो, आणि प्रसरण-आकुंचनाचा धडा टेपवर वाचता येतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. उद्योगाशी विषयांची सांगड घालण्याला ‘समवाय’ म्हणत. तो ओढूनताणून केला की इतिहास आणि कविता यांचाही संबंध टकळीशी जोडला जाई आणि दोन्ही निर्जीव होत. जे ज्ञान कामातून येत नाही ते पुस्तकातून सरळ शिकवावे. मात्र ही योजना बुडण्याचे मोठे कारण वेगळे आहे: माध्यमाचा पुन्हा विषय झाला. कोठारी आयोगानंतर ‘कार्यानुभव’ आला, 1977 नंतर ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आले, आणि अनेक शाळांत त्याचे शेवटी कागदी फुले व श्रेणीचा रकाना एवढेच उरले. काम कोणाला उपयोगी नव्हते, म्हणून ते बरोबर की चूक हे कोणालाच तपासावे लागले नाही.

उलट उदाहरण याच जिल्ह्यात आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा माध्यमिक शाळांतील अभ्यासक्रम उभा राहिला: आठवड्यातून एक दिवस, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार विभागांत काम, आणि तेही गावाला खरोखर हव्या असलेल्या वस्तू व सेवांच्या रूपाने. वस्तू वापरणारा माणूस समोर असतो, म्हणून तीत चूक राहिली तर ती लपत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. दहा दिवसांत कारखाना पाहून होतो. चूक करून ती शोधून दुरुस्त करण्याइतका वेळ त्यात नाही. देहू-चाकण पट्ट्यातील शाळांच्या भोवती फिटर, टर्नर, वेल्डर यांची वानवा नाही. त्यांपैकी एकेकाला मानधनावर आठवड्यातून एक दिवस शाळेत आणावे, त्याच्या शेजारी गणिताच्या व विज्ञानाच्या शिक्षकाने उभे राहावे, आणि गुण तयार वस्तूला न देता मुलाने लिहिलेल्या अंदाज, माप व फरक यांच्या वहीला द्यावेत, एवढी मागणी मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी शाळा समितीपुढे येत्या वर्षी ठेवावी.