प्रश्न बदलला, उत्तरे तशीच

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश दुरुस्त करण्याची सोय मे २०२३ मध्ये आली. शुद्धलेखनाची चूक सुधारावी, राहून गेलेला शब्द घालावा, हा तिचा उघड हेतू. आज ही सोय अंगवळणी पडली आहे. मधल्या काळात हे माध्यम मात्र गप्पांपुरते उरलेले नाही. गृहनिर्माण सोसायट्यांची वर्गणी, देवस्थानांच्या उत्सव समित्यांचे निर्णय, घरभाड्याचे करार, कंत्राटदाराशी ठरलेला दर हे सारे आता याच पडद्यावर ठरते. अशा ठिकाणी दुरुस्तीच्या सोयीचा एक परिणाम पुरेसा ओळखला गेलेला नाही. दुरुस्ती एका संदेशाची होते, अर्थ मात्र त्याखालच्या सगळ्या उत्तरांचा बदलतो.

या सोयीचे नियम मोजके आहेत. संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत पाठवणारा त्यातील मजकूर बदलू शकतो. बदललेल्या संदेशाशेजारी, वेळेच्या बाजूला, `Edited` असा लहान शब्द उमटतो. वेळ मात्र मूळ संदेशाचीच राहते. बदल झाल्याची नवी सूचना कोणाच्याही फोनवर वाजत नाही. आधी काय लिहिले होते, हे वाचणाऱ्याला पाहता येत नाही.

समजा, फोंड्यातील एका सोसायटीच्या गटावर सचिवांनी रात्री ८ वाजून २ मिनिटांनी लिहिले: ‘रंगकामासाठी प्रत्येक सदनिकेमागे २,००० रुपये. सर्वांना मान्य आहे का?’ पुढच्या दहा मिनिटांत काहींनी ‘मान्य’ असे लिहिले, काहींनी अंगठ्याची खूण केली. ८ वाजून १४ मिनिटांनी सचिवांना कंत्राटदाराचा नवा आकडा कळला आणि त्यांनी त्याच संदेशात २,००० च्या जागी ५,००० केले. त्यांच्या मनात कपट नव्हते, चुकीचा आकडा गटावर राहू नये एवढाच हेतू होता. महिन्याभराने वाद झाला आणि कोणी तरी हे संभाषण फाइलच्या रूपात बाहेर काढले. तिच्यात साधारण असे दिसेल:

```
12/05/2025, 20:02 - सचिव: प्रत्येक सदनिकेमागे ५,००० रुपये. सर्वांना मान्य आहे का? <This message was edited>
12/05/2025, 20:05 - सभासद १: मान्य
12/05/2025, 20:09 - सभासद २: मान्य
```

यातील एकही ओळ बनावट नाही, तरी पुरावा खोटे बोलतो. दोन्ही सभासदांनी २,००० ला होकार दिला होता, नोंद सांगते ५,००० ला. संदेश बदलला एवढे फाइल कबूल करते. तो केव्हा बदलला, पहिल्या होकाराच्या आधी की शेवटच्या होकारानंतर, आणि त्यात काय होते, हे ती सांगत नाही. अंगठ्याच्या खुणाही बदललेल्या मजकुराखाली जशाच्या तशा राहतात.

याचे कारण या सोयीच्या रचनेत आहे. दुरुस्ती म्हणजे तांत्रिकदृष्ट्या दुसराच संदेश असतो. ‘अमुक संदेशाच्या जागी हा मजकूर दाखवा’ असा निरोप तो समोरच्या फोनला देतो आणि फोन जुने शब्द काढून नवे ठेवतो. संभाषण दोन्ही टोकांना कुलूपबंद असल्याने कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे जुने शब्द तिच्याकडून मिळवण्याचा मार्गही उरत नाही. उत्तरे स्वतंत्र संदेश असल्याने त्यांना यातले काहीच कळत नाही. ती होती तिथेच, नव्या प्रश्नाखाली उभी राहतात.

याला एक अर्धा अपवाद आहे. एखाद्याने मूळ संदेशाचा हवाला देऊन उत्तर दिले असेल, तर त्या उत्तरासोबत मूळ शब्दांची एक प्रतही जाते. म्हणून जुना आकडा त्या चौकटीत शिल्लक राहू शकतो. पण संभाषण मजकुराच्या फाइलमध्ये काढले की त्या चौकटी गळून पडतात.

ही रचना अपरिहार्य नाही. सिग्नलवर २४ तासांपर्यंत दुरुस्ती करता येते, पण वाचणाऱ्याला आधीचे मसुदे उघडून पाहता येतात. अ‍ॅपलच्या संदेशसेवेत मुदत १५ मिनिटांची, दुरुस्त्या फार तर पाच, आणि तिथेही जुना मजकूर दोन्ही बाजूंना दिसतो. इतिहास उघडा असेल, तर कोणते उत्तर कशाला दिले होते हे नंतरही ताडता येते.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर उत्तर फारसे संदिग्ध नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या पाचव्या कलमानुसार स्वीकृती प्रस्ताव मांडणाऱ्याच्या विरुद्ध पूर्ण होण्यापूर्वीच त्याला प्रस्ताव मागे घेता येतो, नंतर नाही. सातवे कलम स्वीकृती निरपवाद असावी असे सांगते, म्हणजे जे मांडले त्यालाच ती असली पाहिजे. होकारानंतर बदललेला आकडा हा नवा प्रस्ताव ठरतो आणि त्याला नवा होकार लागतो. अडचण तत्त्वाची नसून शाबितीची आहे.

शाबितीसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, नमूद करावे लागते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. पण ठसा घेतल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढीच खात्री तो देतो. ठसा घेण्यापूर्वी संदेशात काय फिरले, याबाबत तो मुका असतो. वरच्या उदाहरणातील फाइल ही परीक्षा निर्वेध पार करील.

म्हणून काळजी नोंद होतानाच घ्यावी लागते. पैशांचा किंवा तारखेचा प्रश्न असेल, तर नुसत्या ‘मान्य’ऐवजी ‘२,००० रुपये मान्य’ असे लिहावे. उत्तर स्वतःच्या शब्दांत अटी घेऊन उभे राहिले की वरचा संदेश बदलला तरी ते बदलत नाही. विचारणाऱ्याने चूक सुधारायची असेल आणि एकही उत्तर आले असेल, तर जुना संदेश तसाच ठेवून ‘वरील आकडा चुकीचा, ५,००० वाचावे, कृपया पुन्हा कळवावे’ असा नवा संदेश टाकावा. महत्त्वाच्या ठरावावर होकार देण्यापूर्वी १५ मिनिटे थांबणे हाही साधा उपाय आहे. मुदत संपली की संदेश बदलता येत नाही, आणि `Edited` हा शब्द आधीच लागलेला असेल तर काय बदलले ते विचारता येते.

सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत खाडाखोड झाली तर तिथे सही घेण्याची पद्धत आहे, कारण वरची ओळ बदलली की खालच्या सह्यांचा अर्थ बदलतो. सोसायट्यांनी आणि समित्यांनी आपल्या गटांसाठी तोच नियम लेखी करून घ्यावा: होकार आल्यावर दुरुस्ती नाही, नवा संदेश.